वाय-फायची रेंज फुल, तरी नेट बंद: परीक्षेच्या तोंडावर हॉस्टेलच्या खोलीतला बिघाड कसा शोधायचा

सकाळी दहाला ऑनलाइन परीक्षा, तीन तासांची. तिला आपण सई म्हणू. दुसऱ्या मजल्यावरच्या २२१ नंबरच्या खोलीत राहते. भिंतीतल्या पॉइंटमधून हॉस्टेलची वायर येते, ती खोलीतल्या छोट्या राउटरला लावलेली आहे आणि त्या राउटरच्या वाय-फायवर सई आणि तिची रूममेट दोघींचं काम चालतं. पावणेनऊला सईने राउटर बंद करून पुन्हा चालू केला. नेट रात्रभर नीट चाललं होतं, पण परीक्षेआधी एकदा रिस्टार्ट करून घेतलेलं बरं, असं तिला वाटलं. राउटर चालू झाला, लॅपटॉप वाय-फायला जोडला गेला, रेंजच्या पट्ट्या पूर्ण भरल्या आणि खाली अक्षरं आली: `No internet`.

पुन्हा रिस्टार्ट केलं. तेच. दोन खोल्या पलीकडे जाऊन तिने विचारलं, "अगं, तुझं नेट चालतंय का?"

"हो, चालतंय की. तू राउटर बंद-चालू करून बघ ना."

नेमकं तेच करून नेट गेलं होतं. हॉस्टेलमध्ये हे चित्र वरचेवर दिसतं: एका खोलीत नेट सुरळीत, शेजारच्या खोलीत ठप्प, आणि राउटर रिस्टार्ट केला की ज्याचं चालत होतं त्याचंही बंद. या चित्रामागे बहुतेक वेळा एक ठराविक बिघाड असतो आणि तो आपल्या राउटरमध्ये नसतो. तो कसा ओळखायचा आणि कुठपर्यंत माग काढायचा, हे सईच्या त्या सव्वा तासाच्या आधारे पाहू.

आधी परीक्षेची सोय, मग बिघाड

सईने पहिली दहा मिनिटं राउटरला हातच लावला नाही, आणि हेच बरोबर होतं. तिने फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडला आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेथरिंग चालू केलं. वाय-फाय हॉटस्पॉटपेक्षा हे बरं पडतं. फोन चार्ज होत राहतो आणि आजूबाजूच्या पन्नास राउटरच्या गर्दीत आणखी एका वाय-फायची भर पडत नाही. मग परीक्षेच्या सॉफ्टवेअरमधली सिस्टिम चेकची पायरी तिने याच जोडणीवर पूर्ण केली. नुसती एखादी वेबसाइट उघडली म्हणून खात्री धरू नये. कॅमेरा चालू ठेवणाऱ्या परीक्षेला अपलोडही लागतो, आणि तो चालतो की नाही ते सिस्टिम चेकमध्येच कळतं.

दोन गोष्टी इथे हमखास राहून जातात. पहिली म्हणजे, खोलीच्या वाय-फायपुढची `Connect automatically` ही खूण काढायची, म्हणजे परीक्षा चालू असताना लॅपटॉप त्या बंद पडलेल्या वाय-फायच्या नादी लागणार नाही. दुसरी, काही फोनवर कॉल आला की मोबाइल डेटा थांबतो. आपल्या फोनवर तसं होतं का, ते कुणाला तरी कॉल करायला सांगून आधीच बघायचं, आणि होत असेल तर कॉल फॉरवर्ड करून ठेवायचे.

मग तिने एक वेळ ठरवली: साडेनऊ. तोवर बिघाड सापडला तर ठीक, नाहीतर राउटर तसाच सोडायचा आणि फोनच्या नेटवर परीक्षा द्यायची. बिघाड शोधताना "अजून पाचच मिनिटं" करत वेळ कसा जातो ते कळत नाही, म्हणून ही वेळ डोकं शांत असतानाच ठरवावी लागते.

नेट कुठपर्यंत पोचतंय?

रेंजच्या पट्ट्या लॅपटॉप ते खोलीतला राउटर एवढ्याच अंतराचं सांगतात. त्यापुढे राउटर ते भिंत, भिंत ते सगळ्या खोल्यांच्या वायर जोडणारा मजल्यावरचा स्विच आणि तिथून हॉस्टेलचा मुख्य सर्व्हर असा रस्ता असतो. तो टप्प्याटप्प्याने तपासायचा. सईने टेथरिंगची केबल थोडा वेळ काढली, लॅपटॉप पुन्हा खोलीच्या वाय-फायला जोडला, विंडोजची कमांड प्रॉम्प्ट उघडली आणि आधी स्वतःच्याच राउटरला हाक मारली:

```
ping 192.168.1.1
Reply from 192.168.1.1: bytes=32 time=2ms TTL=64
```

दोन मिलिसेकंदांत उत्तर आलं. म्हणजे लॅपटॉप आणि वाय-फाय दोन्ही ठीक. (तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो. `ipconfig` टाइप केलं की `Default Gateway` समोर तो दिसतो. तिथे काहीच नसेल आणि लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता `169.254` ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपला खोलीतल्या राउटरकडूनच पत्ता मिळालेला नाही. तो बिघाड खोलीतलाच आहे आणि पुढचं सगळं त्याला लागू नाही.)

आता बाहेरचा पत्ता. `8.8.8.8` हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा. लक्षात ठेवायला सोपा, म्हणून तपासायला सगळे तोच वापरतात:

```
ping 8.8.8.8
Reply from 192.168.0.1: Destination net unreachable.
```

इथे क्षणभर थांबून नीट वाचायला हवं. उत्तर आलंय, पण `8.8.8.8` कडून नाही. `192.168.0.1` नावाचं कुणीतरी मध्येच म्हणतंय की पुढे रस्ता नाही. विंडोज अशी उत्तरंही "मिळाली" म्हणून मोजतं, त्यामुळे खालच्या हिशोबात `Lost = 0` दिसतं आणि घाईत माणूस समजतो की सगळं सुरळीत आहे. हिशोब न बघता `Reply from` पुढचा पत्ता बघायचा.

सईच्या राउटरचा पत्ता `192.168.1.1`. मग हा `192.168.0.1` कोण?

हे उत्तर दर वेळी इतकं स्पष्ट येईलच असं नाही. मधलं उपकरण गप्प बसलं तर नुसतं `Request timed out` येतं. काही हॉस्टेलांत पिंगच बंद ठेवलेलं असतं, तिथे नेट चालू असूनही हेच दिसतं. म्हणून एका पिंगवर निकाल न देता राउटरच्या आत डोकवायचं.

राउटरला बाहेरून कोणता पत्ता मिळालाय?

ब्राउझरमध्ये `192.168.1.1` टाकून सईने राउटरचं पान उघडलं. पासवर्ड बदललेला नसेल तर तो राउटरच्या तळाच्या स्टिकरवर असतो. `Status` मध्ये `WAN` किंवा `Internet` असा भाग असतो. तिथे तिला दिसलं:

```
IP Address       192.168.0.103
Subnet Mask      255.255.255.0
Default Gateway  192.168.0.1
```

हे आकडे बरोबर की चूक, हे एकटीने ठरवता येत नाही. ज्या खोलीत नेट चालतंय तिथल्या राउटरचं हेच पान बघावं लागतं. सई पलीकडच्या खोलीत गेली. तिथे पत्ता होता `10.20.3.61` आणि गेटवे `10.20.0.1`. एकाच मजल्यावर, एकाच स्विचवर दोन खोल्या, आणि दोघींना पूर्ण वेगळ्या घराण्यातले पत्ते. बिघाडाची जात इथेच कळली.

या जागी दुसरं काही दिसलं असतं तर वाट वेगळी झाली असती. पत्त्याच्या जागी `0.0.0.0` असेल तर राउटरला बाहेरून कुणीच उत्तर दिलेलं नाही, म्हणजे वायर, पिन किंवा भिंतीतला पॉइंट तपासायचा. पत्ता शेजारणीसारखाच `10.20` चा असूनही नेट नसेल, तर हॉस्टेलच्या लॉगिन पानावर पुन्हा लॉगिन करायचं राहिलंय का ते बघायचं, नाहीतर गोष्ट आपल्या हाताबाहेरची.

पत्ते वाटणारे दोघं

राउटर चालू झाला की वायरवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी विचारणा करतो: मला पत्ता कोण देईल? हॉस्टेलच्या मुख्य सर्व्हरने त्याला पत्ता, गेटवे आणि डीएनएस द्यायचा असतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. यात एक कच्चा दुवा आहे. विचारणाऱ्याला खरा सर्व्हर कोणता हे माहीत नसतं. साधारणपणे ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता तो घेतो. त्याच वायरवर दुसरं कुणी पत्ते वाटत बसलं तर काही राउटर त्याच्या गळाला लागतात. हे दुसरं उपकरण त्याच मजल्यावर असतं आणि खरा सर्व्हर बरेचदा दुसऱ्या इमारतीत, त्यामुळे पहिलं उत्तर सहसा चुकीच्याकडूनच येतं.

शेजारणीचं नेट मात्र का चालत होतं? मिळालेला पत्ता ठराविक मुदतीचा असतो. अर्धी मुदत संपली की राउटर ज्याने पत्ता दिला त्यालाच थेट विचारून मुदत वाढवून घेतो, सगळ्यांना विचारत बसत नाही. तिचा राउटर काल दुपारपासून बंदच झाला नव्हता. तो जुन्या, खऱ्या सर्व्हरशीच बोलत होता. सईने रिस्टार्ट केल्यावर तिच्या राउटरने नव्याने विचारणा केली आणि तोवर मजल्यावर दुसरा वाटणारा येऊन बसला होता. म्हणून या बिघाडात रिस्टार्टचा सल्ला उलटा पडतो. ज्यांचं चालतंय त्यांनी राउटरला हात लावू नये, आणि ज्यांचं बंद आहे त्यांनी मूळ कारण दूर होईपर्यंत कितीही वेळा रिस्टार्ट केलं तरी तोच चुकीचा पत्ता मिळण्याची शक्यता जास्त.

असा दुसरा वाटणारा जवळजवळ नेहमी एकाच प्रकारे तयार होतो. कुणीतरी नवीन राउटर आणतं किंवा जुना रीसेट करतं, आणि भिंतीतली वायर वॅन पोर्टऐवजी लॅन पोर्टला लावतं. वॅन पोर्ट बाहेरून पत्ता घेण्यासाठी असतो, लॅन पोर्ट आतल्या उपकरणांना पत्ते वाटण्यासाठी. वायर लॅनला लावली की त्या राउटरच्या लेखी अख्खा मजला त्याच्या "आत" येतो आणि तो सगळ्यांना पत्ते वाटू लागतो. त्याच्या स्वतःच्या वॅनला काहीच जोडलेलं नसतं, म्हणून पुढचा रस्ता त्याच्याकडे नसतो. `Destination net unreachable` चा अर्थ हाच.

एक आडवळण सांगून ठेवतो. तुमच्या राउटरचा आतला पत्ताही `192.168.0.1` असेल आणि बाहेरून त्याच घराण्यातला पत्ता आला, तर दोन्हींची टक्कर होते. काही राउटर अशा वेळी स्वतःचा आतला पत्ता आपोआप बदलतात आणि नेहमीच्या पत्त्यावर पान उघडेनासं होतं. राउटर बिघडला असं समजून लगेच रीसेट करू नका. `ipconfig` मध्ये नवा `Default Gateway` बघा आणि त्या पत्त्यावर जा.

कोणत्या खोलीत आहे तो?

नऊ वाजून पाच मिनिटं. वाट बघायची की शोधायचं? सईने वॉर्डन मॅडमना फोन करून नेटवर्क सांभाळणाऱ्यांना कळवायला सांगितलं, आणि त्यांना लागेल ती एक गोष्ट मिळवायला बसली: त्या उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे कंपनीने त्याला दिलेला ओळख क्रमांक.

खोलीतल्या राउटरमागून तो दिसत नाही. भिंतीतली वायर राउटरमधून काढून थेट लॅपटॉपला लावावी लागते. काही हॉस्टेलांत नोंद नसलेलं उपकरण वायरला लावलं की तो पॉइंटच बंद पडतो. तुमच्याकडे असा नियम असेल तर विचारल्याशिवाय हे करू नका. सईकडे तसा नियम नव्हता. तिने लॅपटॉपचं वाय-फाय बंद केलं, वायर लावली, `ipconfig` मध्ये पुन्हा `192.168.0` चाच पत्ता आलेला बघितला, आणि मग:

```
ping 192.168.0.1
arp -a
  192.168.0.1    00-00-5e-00-53-1a    dynamic
```

मधली बारा अक्षरं म्हणजे त्या राउटरची ओळख. मजल्यावरचा स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बघता-बदलता येणारा असेल तर नेटवर्कवाल्यांना हा मॅक पत्ता दिल्यावर तो कोणत्या पोर्टवर, म्हणजे कोणत्या खोलीत आहे, हे स्विचच्या यादीत लगेच दिसतं. तक्रारीत "नेट चालत नाही" असं लिहिण्यापेक्षा "२२१ मध्ये ८:४५ पासून `192.168.0.103` असा पत्ता मिळतोय, तो वाटणाऱ्याचा मॅक पत्ता हा" असं लिहिलं तर निम्मं काम तिथेच होतं.

ब्राउझरमध्ये `192.168.0.1` उघडलं तर त्या राउटरचं लॉगिन पान येतं, बरेचदा मॉडेलच्या नावासकट. तिथपर्यंत ठीक. अंदाजाने पासवर्ड टाकून आत शिरायचं नाही. ते उपकरण दुसऱ्याचं आहे.

नेटवर्कवाले यायला वेळ होता, म्हणून सईने आणखी एक युक्ती केली. घरगुती राउटरच्या लॅनचा आणि वाय-फायचा मॅक पत्ता बरेचदा जवळजवळ सारखा असतो, फक्त शेवटचा आकडा-अक्षर वेगळं. तिने वायर काढून वाय-फाय पुन्हा चालू केलं आणि आसपासची सगळी वाय-फाय नावं त्यांच्या मॅक पत्त्यांसकट मागवली:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

नव्या विंडोजमध्ये लोकेशनची परवानगी बंद असेल तर ही कमांड अडते, ती चालू करावी लागते. यादी लांबलचक आली. त्यात एका नावाखाली `00:00:5e:00:53:1b` होतं आणि सिग्नल ३८ टक्के. वाय-फायचं नाव कंपनीने दिलेलंच होतं, कुणी बदललेलंही नव्हतं, म्हणजे राउटर नुकताच जोडलेला. लॅपटॉप हातात धरून ती व्हरांड्यात निघाली. दर काही पावलांवर थांबायचं, यादी ताजी व्हायला थोडा वेळ द्यायचा आणि कमांड पुन्हा चालवायची. जिन्याकडे सिग्नल घसरला, उलट दिशेला वाढत गेला, आणि २१४ च्या दारात ९२ टक्के झाला. भिंतींमुळे हा आकडा फसवू शकतो, वरच्या-खालच्या मजल्यावरचा राउटरही जवळचा वाटू शकतो. म्हणून दार वाजवताना आरोप नाही, प्रश्न घेऊन जायचं.

"अगं, तू नवीन राउटर लावलायस का?"

"हो ना, काल रात्री. पण कधी चालतो, कधी नाही. मीच वैतागलेय. तुला कसं कळलं?"

भिंतीतली वायर लॅनच्या पहिल्या पोर्टमध्ये होती. वॅन पोर्ट रिकामा. बऱ्याच राउटरवर वॅन पोर्टचा रंग वेगळा असतो आणि तो बाकीच्यांपासून जरा बाजूला असतो, पण रंगावर विसंबू नये, पोर्टवर कोरलेलं नाव वाचावं. त्या मुलीने वायर वॅनला लावली, एवढंच. काही जण मुद्दाम लॅनला वायर लावून राउटर नुसता वाय-फायसाठी वापरतात. तसं करायचं असेल तर आधी त्याचं डीएचसीपी बंद करावं लागतं, किंवा सेटिंगमध्ये असेल तर अॅक्सेस पॉइंट मोड निवडावा लागतो.

मॅक जुळला नसता, किंवा तो राउटर वाय-फाय बंद ठेवून चालवलेला असता, तर हा माग इथेच तुटला असता. मग मजल्यावरच्या स्विचपाशी जाऊन एकेक वायर काढून बघण्याचा मार्ग उरतो: एका लॅपटॉपवर `ping -t 192.168.0.1` चालू ठेवायचं, आणि जी वायर काढल्यावर उत्तरं थांबतील ती दोषी. हे काम नेटवर्कवाल्यांचंच. विद्यार्थ्याने स्विचच्या पेटीला हात लावू नये, कारण एक चुकीची वायर निघाली तर आणखी कुणाची तरी परीक्षा अडकते.

पत्ता परत मिळवणं

खोलीत येऊन सईने भिंतीतली वायर पुन्हा राउटरच्या वॅनला लावली. मूळ कारण दूर झालं तरी राउटर जुना चुकीचा पत्ता मुदत संपेपर्यंत धरून बसू शकतो. त्याच्या पानावर `Release` आणि मग `Renew` दाबायचं. ती बटणं नसतील तर आता, आणि आताच, रिस्टार्टचा उपयोग आहे. तिला `10.20.3.47` मिळाला, गेटवे `10.20.0.1`. मग दोन तपासण्या:

```
ping 8.8.8.8
nslookup example.com
```

पहिलीत उत्तर `8.8.8.8` कडूनच यायला हवं. दुसरीत नावावरून पत्ता सापडायला हवा. पहिली जमली आणि दुसरी फसली तर रस्ता आहे, फक्त डीएनएस चुकीचा आहे, आणि लॅपटॉपवर जुनी माहिती अडकलेली असेल तर `ipconfig /flushdns` ने ती पुसता येते. सईला दोन्हींत बरोबर उत्तरं आली. मजल्यावरच्या ज्या खोल्यांना चुकीचे पत्ते गेले होते त्यांनाही तिने राउटर रिस्टार्ट करायला सांगितलं.

घाईत काही जण शेजारच्या खोलीतला पत्ता बघून त्याच्या आसपासचा एखादा आकडा आपल्या राउटरवर हाताने टाकतात. नेट चालूही होतं. पण तो पत्ता आधीच कुणाला दिलेला असेल तर दोघांचं नेट अधूनमधून तुटत राहतं, तेही कारण कळू न देता. नेटवर्कवाल्यांनी स्वतः दिल्याशिवाय पत्ता हाताने टाकू नये.

नऊ वाजून बावीस मिनिटं. आता परीक्षा वाय-फायवर द्यायची की फोनवर? सईने राउटरच्या पानावर पत्त्याची मुदत बघितली: आठ तास. म्हणजे अर्धी मुदत दीडच्या जरा आधी संपणार आणि तेव्हाही राउटर खऱ्या सर्व्हरलाच विचारणार. परीक्षा एकला संपत होती. मधल्या वेळात मजल्यावर पुन्हा कुणी चुकीची वायर लावली तरी तिच्या पत्त्याला धक्का लागणार नव्हता, अट एकच, की राउटर बंद होता कामा नये. तिने वाय-फाय निवडलं, टेथरिंगची केबल लॅपटॉपशेजारी तयार ठेवली आणि रूममेटला सांगितलं, "एक वाजेपर्यंत राउटरच्या बटणाला हात लावू नकोस. आणि नेट स्लो वाटलं तर मला सांग, रिस्टार्ट करू नकोस."

कायमचा इलाज विद्यार्थ्यांच्या हातात नाही, पण तो मागता येतो. मॅनेज्ड स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय असते. ती चालू केली की मुख्य सर्व्हरकडून येणाऱ्या पोर्टवरूनच पत्ते वाटलेले चालतात आणि खोल्यांच्या पोर्टवरून कुणी वाटू लागलं तर स्विच ती उत्तरं तिथल्या तिथे टाकून देतो. साध्या, स्वस्त स्विचवर ही सोय नसते. सईने संध्याकाळी नेटवर्कवाल्यांना जो मेल पाठवला त्यात वेळ, दोन्ही खोल्यांचे नंबर, चुकीचा आणि बरोबर पत्ता, मॅक पत्ता आणि शेवटी एक ओळ होती: दुसऱ्या मजल्यावरच्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू करता येईल का, आणि नसेल तर कोणत्या मजल्यांवर येईल?